इन्फिक्सचं पोस्टफिक्स करताना पॉप नेमकं कधी करायचं? पूर्ण सोडवलेलं एक उदाहरण

प्रश्न: इन्फिक्सचं पोस्टफिक्स करताना साधी एक्स्प्रेशन जमतात, पण कंस, घात आणि दोन-दोन वजा एकत्र आले की माझं उत्तर चुकतं. स्टॅकमधून कधी पॉप करायचं आणि कधी नुसतं पुश करायचं, हे एकदा पक्कं समजून घ्यायचं आहे. एखादं पूर्ण उदाहरण शेवटची व्हॅल्यू काढेपर्यंत सोडवून दाखवाल का? सी मध्ये प्रोग्रॅमही लिहायचा आहे.

उत्तर:

बहुतेक जण एक ओळ पाठ करतात: "येणाऱ्या ऑपरेटरचा प्रिसिडन्स जास्त असेल तर पुश, कमी असेल तर पॉप." ओळ खरी आहे, पण अर्धीच. प्रिसिडन्स सारखा असेल तर काय करायचं, ते ती सांगत नाही, आणि तुमचे दोन वजा आणि घात अडतात ते तिथेच. म्हणून नियम बाजूला ठेवून आधी स्टॅकवर काय साठतंय ते बघू.

आकडे स्टॅकवर जात नाहीत, ते थेट आउटपुटमध्ये लिहिले जातात. स्टॅकवर बसतात फक्त ऑपरेटर आणि उघडे कंस. तिथे बसलेला ऑपरेटर म्हणजे ज्याला डावीकडचा ऑपरंड मिळालाय, पण उजवीकडचा अजून पुरा झालेला नाही असा ऑपरेटर. मग नवा ऑपरेटर येतो. आता जुना आणि नवा यांच्या मध्ये एक ऑपरंड अडकलाय आणि दोघंही त्याच्यावर हक्क सांगतात. तो कुणाचा, एवढाच निवाडा प्रत्येक वेळी करायचा असतो. जुन्याचा ठरला तर जुन्याचं काम झालं, त्याला पॉप करून आउटपुटमध्ये लिहा. नव्याचा ठरला तर जुना थांबेल, नवा त्याच्यावर पुश होईल.

`9 - 4 * 2` घ्या. मधला `4` गुणाकाराचा आहे, म्हणून वजा थांबतो. `9 - 4 - 2` मध्ये मधला `4` डावीकडच्या वजाचा, कारण वजाबाकी आपण डावीकडून करत जातो. म्हणजे पहिला वजा पॉप. आणि `2 ^ 3 ^ 2` मध्ये मधला `3` उजवीकडच्या घाताचा, कारण गणितात घातावर घात वरून खाली सोडवतात. म्हणून पहिला घात थांबतो. प्रिसिडन्स सारखा असताना हा जो कौल लागतो तीच असोसिएटिव्हिटी. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार यांची डावी, घाताची उजवी.

सी मध्ये हा निवाडा असा लिहिता येतो. `s` म्हणजे स्टॅकच्या टॉपवरचा, `t` म्हणजे आत्ता आलेला:

```c
int should_pop(char s, char t) {
    if (s == '(') return 0;
    if (prec(s) > prec(t)) return 1;
    return prec(s) == prec(t) && t != '^';
}
```

`prec` हे फंक्शन `+` आणि `-` साठी 1, `*` आणि `/` साठी 2, आणि `^` साठी 3 परत देतं. पहिली ओळ उघड्या कंसाची आहे. `(` हा स्टॅकमधला तळ आहे असं धरायचं. त्याच्या खाली कोण बसलंय याच्याशी कंसातल्या ऑपरेटरांचा संबंध नाही, म्हणून पॉप करत जाताना कंस लागला की थांबायचं. तो निघतो फक्त `)` आल्यावर, आणि आउटपुटमध्ये न लिहिता टाकून दिला जातो. कुणाच्या पोस्टफिक्समध्ये कंस छापलेला दिसला तर या दोन्हींपैकी काहीतरी राहिलंय, हे लगेच ओळखावं.

उदाहरण

मुद्दाम असं घेतोय की कुठलीही नेहमीची चूक झाली तर बरोबर उत्तरापेक्षा वेगळं उत्तर येईल:

```
40 - 6 * (9 - 4) - 2 ^ 3 ^ 2 / 128
```

हाताने आधी सोडवून ठेवू. कंस 5, सहा पंचे 30. घाताचा भाग म्हणजे 2 चा 9 वा घात, 512. भागिले 128 म्हणजे 4. 40 मधून 30 गेले, मग 4 गेले, उरले 6. (काही पुस्तकांत घातासाठी `$` किंवा वरचा बाण छापतात, अर्थ तोच.)

टोकन एकूण 17. पेपरात मागतात तसा तीन रकान्यांचाच तक्ता करतो. स्टॅकचा टॉप उजवीकडे धरायचा.

| क्र. | टोकन | स्टॅक | आउटपुट |
|---|---|---|---|
| 1 | `40` | | `40` |
| 2 | `-` | `-` | `40` |
| 3 | `6` | `-` | `40 6` |
| 4 | `*` | `- *` | `40 6` |
| 5 | `(` | `- * (` | `40 6` |
| 6 | `9` | `- * (` | `40 6 9` |
| 7 | `-` | `- * ( -` | `40 6 9` |
| 8 | `4` | `- * ( -` | `40 6 9 4` |
| 9 | `)` | `- *` | `40 6 9 4 -` |
| 10 | `-` | `-` | `40 6 9 4 - * -` |
| 11 | `2` | `-` | `40 6 9 4 - * - 2` |
| 12 | `^` | `- ^` | `40 6 9 4 - * - 2` |
| 13 | `3` | `- ^` | `40 6 9 4 - * - 2 3` |
| 14 | `^` | `- ^ ^` | `40 6 9 4 - * - 2 3` |
| 15 | `2` | `- ^ ^` | `40 6 9 4 - * - 2 3 2` |
| 16 | `/` | `- /` | `40 6 9 4 - * - 2 3 2 ^ ^` |
| 17 | `128` | `- /` | `40 6 9 4 - * - 2 3 2 ^ ^ 128` |
| शेवट | | | `40 6 9 4 - * - 2 3 2 ^ ^ 128 / -` |

यातल्या चार ओळींवर थांबायला हवं, बाकीच्या सरळ आहेत.

सातवी ओळ. वजा आलाय आणि खाली गुणाकार आहे, तरी गुणाकार पॉप होत नाही. कारण मध्ये कंस आहे. कंसातला `9` हा बाहेरच्या गुणाकाराचा ऑपरंड नाही, अख्खा कंस मिळून त्याचा ऑपरंड होणार आहे. स्टॅकमध्ये टॉपच्या खाली डोकावून "अरे, तिथे `*` आहे, तो मोठा" असं म्हणत पॉप करणारे बरेच असतात. तुलना नेहमी टॉपशीच.

दहावी ओळ सगळ्यात महत्त्वाची. स्टॅकवर `- *` आहे आणि `-` आलाय. टॉपवरचा `*` मोठा, तो पॉप. इथे थांबायचं नाही. आता टॉपवर `-` आला, त्याच्याशी पुन्हा तुलना: प्रिसिडन्स सारखा, डावी असोसिएटिव्हिटी, म्हणून तोही पॉप. मग स्टॅक रिकामा झाल्यावर नवा `-` पुश. पॉप करणं हा `while` आहे, `if` नाही. `if` लिहिलं तर या ओळीत फक्त `*` निघतो आणि स्टॅकवर `- -` असे दोन वजा एकावर एक बसतात.

चौदावी ओळ. `^` वर `^` आलाय. मधला `3` नव्याचा, म्हणून पॉप नाही. आणि सोळाव्या ओळीत `/` येतो तेव्हा दोन्ही घात एकामागून एक निघतात, वरचा आधी. म्हणूनच आउटपुटमध्ये `2 3 2 ^ ^` असं दिसतं: पहिल्या `^` ने `3` आणि `2` घेतले, दुसऱ्याने `2` आणि त्या दोघांचं उत्तर. त्यानंतर खालचा `-` हा `/` पेक्षा लहान, तिथे थांबलो.

शेवटी इनपुट संपल्यावर स्टॅक वरून खाली रिकामा करायचा: आधी `/`, मग `-`. घाईत हे दोन उलट लिहिले जातात, कारण तक्त्यात आपण स्टॅक डावीकडून वाचतो.

तक्ता तपासायला एक सोपी खूण आहे. स्टॅकवर शेवटच्या उघड्या कंसापासून टॉपपर्यंत (कंस नसेल तर तळापासून) प्रिसिडन्स चढताच असला पाहिजे. समान प्रिसिडन्सचे दोन शेजारी फक्त घाताच्या बाबतीत चालतात. वरच्या तक्त्यात `- *`, `- ^ ^`, `- /` सगळे चढते आहेत. कुठल्याही ओळीत `- -`, `* +` किंवा `/ *` असं काही दिसलं तर त्याच ओळीत चूक आहे, पुढे जायची गरज नाही.

पोस्टफिक्स बरोबर आहे का, हे किंमत न काढता बघणं

दोन गोष्टी बघाव्यात. पहिली, आकड्यांचा क्रम. इन्फिक्समध्ये `40 6 9 4 2 3 2 128` असा होता, पोस्टफिक्समध्येही तसाच हवा. रूपांतरात फक्त ऑपरेटर सरकतात, आकडे एकमेकांना कधीच ओलांडत नाहीत.

दुसरी, मोजणी. डावीकडून वाचत जा, आकडा आला की अधिक एक, ऑपरेटर आला की उणे एक. आपल्या ओळीसाठी ती अशी होते: 1, 2, 3, 4, 3, 2, 1, 2, 3, 4, 3, 2, 3, 2, 1. मोजणी मध्ये कुठेही एकच्या खाली जाता कामा नये आणि शेवटी बरोबर एकवर यायला हवी. ही मोजणी म्हणजे पुढच्या टप्प्यात स्टॅकवर किती आकडे असतील तोच आकडा आहे. ऑपरेटर दोन काढतो आणि एक टाकतो, निव्वळ एक कमी. सर्वांत मोठी संख्या 4, म्हणजे हे एक्स्प्रेशन सोडवायला चार जागांचा स्टॅक पुरेल. एचपीचा १९७२ सालचा `HP-35` कॅल्क्युलेटर याच पद्धतीने चालायचा आणि त्याचा स्टॅक नेमका चार पातळ्यांचा होता, पण तो अल्गोरिदम तिथे यंत्र करत नसे. रूपांतर माणसाने मनात करून बटणं दाबायची.

मोजणी बरोबर आली म्हणजे पोस्टफिक्स वैध आहे एवढंच कळतं. ते तुमच्या इन्फिक्सचंच आहे की नाही, हे तिला सांगता येत नाही. त्यासाठी किंमत काढावी लागते.

किंमत काढणं

आता दुसरा स्टॅक, आणि यावर फक्त आकडे. आकडा आला की पुश. ऑपरेटर आला की दोन पॉप, हिशोब करून उत्तर पुश. इथे ना प्रिसिडन्स लागतो, ना कंस, ना असोसिएटिव्हिटी. ते सगळं पोस्टफिक्सच्या क्रमात आधीच मुरलंय.

| टोकन | काय केलं | स्टॅक |
|---|---|---|
| `40 6 9 4` | चारही पुश | `40 6 9 4` |
| `-` | 9 − 4 = 5 | `40 6 5` |
| `*` | 6 × 5 = 30 | `40 30` |
| `-` | 40 − 30 = 10 | `10` |
| `2 3 2` | तिन्ही पुश | `10 2 3 2` |
| `^` | 3 चा वर्ग = 9 | `10 2 9` |
| `^` | 2 चा 9 वा घात = 512 | `10 512` |
| `128` | पुश | `10 512 128` |
| `/` | 512 ÷ 128 = 4 | `10 4` |
| `-` | 10 − 4 = 6 | `6` |

उत्तर 6, हाताने आलेलंच.

सांभाळायची गोष्ट एकच: आधी पॉप झालेला आकडा उजवीकडचा असतो. तो नंतर पुश झाला होता, म्हणून वर होता. `9 4 -` मध्ये आधी `4` निघतो, मग `9`, आणि हिशोब `9 - 4` असा करायचा. बेरीज-गुणाकारात उलट घेतलं तरी फरक पडत नाही, त्यामुळे फक्त `+` आणि `*` वर तपासलेला प्रोग्रॅम बरोबर वाटत राहतो. जावाच्या बाइटकोडमध्येही `isub` ही सूचना असंच करते: वरचा आकडा वजा होणारा, खालचा ज्यातून वजा करायचं तो.

चुकीचं उत्तर काय सांगतं

हे उदाहरण म्हणूनच घेतलं. तुमच्या प्रोग्रॅममध्ये ते टाका आणि काय येतं बघा.

१४ आलं तर सारख्या प्रिसिडन्सला तुम्ही पॉप करत नाही, ११ आलं तर `while` च्या जागी `if` आहे. दोन्ही चुकांत दोन वजा एकावर एक बसतात, आणि पहिलीत हिशोब 40 − (30 − 4) असा होतो. दुसरीत सोळाव्या ओळीतही एकच घात निघतो, त्यामुळे 9 भागिले 128 आधी होऊन पूर्णांक भागाकारात शून्य येतं, 2 चा शून्यावा घात 1, आणि हिशोब 40 − (30 − 1) असा होतो.

१० आलं तर घाताकडे बघा, पण कारणं दोन असू शकतात. एक, `^` लाही डावी असोसिएटिव्हिटी लावली गेली. मग 2 चा घन 8, त्याचा वर्ग 64, आणि 64 भागिले 128 हे पूर्णांक भागाकारात शून्य. 10 − 0. (दशांश अपूर्णांकात हिशोब करत असाल तर हेच ९.५ दिसेल.) दुसरं कारण सी भाषेतलं: तिथे `^` म्हणजे घात नव्हे, बिटांचा एक्सऑर. `case '^'` मध्ये सरळ `a ^ b` लिहिलं तर कंपायलर ब्र काढत नाही. 3 आणि 2 चा एक्सऑर 1, 2 आणि 1 चा 3, आणि 3 भागिले 128 पुन्हा शून्य. उत्तर तेच १०. दोन्हीत फरक करायचा तर पोस्टफिक्स छापून बघा. `2 3 ^ 2 ^` असेल तर रूपांतरात चूक, `2 3 2 ^ ^` असेल तर किंमत काढण्यात. पूर्णांकांचा घात काढायला चार ओळींचा गुणाकाराचा लूप लिहिलेला बरा. `pow` हे फंक्शन `double` मध्ये उत्तर देतं आणि ते `int` मध्ये टाकताना काही ठिकाणी एकने कमी उत्तर हाती येतं.

७२ आलं तर पॉप केलेले दोन आकडे उलटे वापरलेत, आणि तेही सगळीकडे. ही चूक बहुतेकदा अशा ओळीतून येते:

```c
push(apply(op, pop(), pop()));
```

सी मध्ये फंक्शनचे आर्ग्युमेंट कुठल्या क्रमाने मोजायचे हे ठरलेलं नाही. एका कंपायलरवर बरोबर उत्तर येतं, दुसऱ्यावर ७२. जावात क्रम डावीकडून ठरलेला आहे, त्यामुळे तिथे अशी ओळ नेहमीच उलटं करते. दोन ओळी जास्त लिहा आणि मोकळे व्हा:

```c
int b = pop();
int a = pop();
push(apply(op, a, b));
```

प्रोग्रॅममध्ये आणखी दोन जागा

पुस्तकातले प्रोग्रॅम एकेक अक्षर वाचतात, म्हणून `A+B*C` वर छान चालतात. `40` दिलं की ते `4` आणि `0` असे दोन आकडे होतात. अंक दिसला की पुढचे सगळे अंक `n = n * 10 + (c - '0')` करत एकत्र ओढायचे आणि आउटपुटमध्ये दोन टोकनांमध्ये जागा सोडायची. जागा नसेल तर `40 6 9 4` आणि `4 069 4` एकसारखेच छापले जातात.

त्या `- '0'` बद्दल. तो विसरला तर `'9'` ची किंमत 57 आणि `'4'` ची 52 घेतली जाते. गंमत अशी की 57 − 52 सुद्धा 5 च येतात. दोन आकड्यांची वजाबाकी ही चाचणी म्हणून वापरली तर ही चूक कधीच सापडणार नाही. तपासायला `2 * 3` द्या. 6 च्या जागी 2550 आलं की समजून जा.

आणि पॉपच्या लूपमध्ये स्टॅक रिकामा आहे का हे आधी तपासा, मग टॉप वाचा:

```c
while (top >= 0 && should_pop(st[top], t))
    out[n++] = st[top--];
st[++top] = t;
```

`&&` च्या दोन्ही बाजू उलट लिहिल्या तर `st[-1]` वाचलं जातं. बऱ्याचदा त्यातून काहीच बिघडत नाही, म्हणून ही चूक सबमिशनच्या दिवसापर्यंत लपून राहते.

चुकीचं इनपुट आणि एकेरी वजा

वर्गात शिकवला जाणारा अल्गोरिदम इनपुट बरोबरच आहे असं धरून चालतो. १९६१ मध्ये डाइक्स्ट्रा यांनी तो मांडला, रेल्वेच्या शंटिंग यार्डवरून त्याला नावही पडलं. त्याच्या साध्या रूपाला `3 4 +` हे इन्फिक्स म्हणून दिलं तर तो काहीही तक्रार न करता `3 4 +` असंच आउटपुट देतो आणि उत्तर 7 येतं. मोजणीची चाचणीही पास होते. कंसाच्या चुका मात्र त्याला सापडतात: `)` आल्यावर पॉप करता करता स्टॅक संपला आणि `(` मिळालाच नाही, तर बंद कंस जास्त, शेवटी रिकामा करताना `(` हाती आला, तर उघडा कंस जास्त.

बाकीच्या चुकांसाठी एक फ्लॅग पुरतो. आता ऑपरंड अपेक्षित आहे की ऑपरेटर? सुरुवातीला ऑपरंड. आकडा आला की अपेक्षा ऑपरेटरची. ऑपरेटर आला की पुन्हा ऑपरंडची. `(` हा ऑपरंडच्या जागीच येऊ शकतो आणि त्यानंतरही ऑपरंडच हवा. `)` ऑपरेटरच्या जागी येतो आणि त्यानंतर ऑपरेटरच हवा. अपेक्षेविरुद्ध काही आलं की तिथेच चूक दाखवायची. `3 4 +` हे `4` वर अडकतं, `2 (3 + 4)` हे कंसावर, `3 + * 4` हे गुणाकारावर. इनपुट संपताना ऑपरंडची अपेक्षा उरली असेल तर एक्स्प्रेशन अर्धवट आहे.

हाच फ्लॅग एकेरी वजाचं कोडं सोडवतो. ऑपरंड अपेक्षित असताना `-` आला तर तो वजाबाकीचा नाही, चिन्हाचा आहे. त्याला आउटपुटमध्ये वेगळं चिन्ह द्या, समजा `~`, कारण किंमत काढताना तो एकच आकडा पॉप करतो.

इथे एक झटपट उपाय फार सांगितला जातो: एकेरी वजाच्या आधी शून्य लिहा. `-3 + 5` चं `0 - 3 + 5` होतं आणि चालतं. पण `2 * -3` चं `2 * 0 - 3` होतं आणि उत्तर −6 ऐवजी −3 येतं. तो उपाय वापरू नका.

खरा नियम असा की एकेरी ऑपरेटर आला की कुणालाही पॉप न करता सरळ पुश करायचा. कारण पुन्हा तोच निवाडा: त्याच्या डावीकडे ऑपरंडच नाही, तर भांडण कशावरून? `2 ^ -3` मध्ये `~` येतो तेव्हा स्टॅकवर `^` आहे. नुसती प्रिसिडन्सची तुलना केली तर `^` मोठा ठरून पॉप होतो, आउटपुट `2 ^` असं सुरू होतं आणि किंमत काढताना दुसरा आकडाच सापडत नाही. सरळ पुश केलं तर स्टॅक `^ ~`, मग `3`, आणि शेवटी `2 3 ~ ^`, बरोबर. `5 - -3` चंही `5 3 ~ -`, म्हणजे 8.

`~` वर नंतर दुसरा ऑपरेटर आला की मात्र नेहमीची तुलना लागू होते, म्हणून त्याला प्रिसिडन्स द्यावाच लागतो. गणिताच्या रिवाजाप्रमाणे तो गुणाकाराच्या वर आणि घाताच्या खाली: `+ -` ला 1, `* /` ला 2, `~` ला 3, `^` ला 4. मग `-2 ^ 2` चं `2 2 ^ ~` होतं आणि उत्तर −4. पायथनमध्ये `-2**2` तेच देतं. एक्सेलमध्ये `=-2^2` टाकलं तर 4 येतात, कारण तिथे एकेरी वजा घाताच्या वर ठेवलाय. शिवाय तिथला घात डावा आहे, त्यामुळे `=2^3^2` चे 64 येतात, पायथनमध्ये `2**3**2` चे 512. तुमच्या प्रोग्रॅमचं उत्तर एक्सेलशी ताडून बघत असाल तर घात आणि एकेरी वजा या दोन जागी ते जुळणार नाही, आणि त्यात दोष तुमच्या स्टॅकचा नसेल.